वर्तमान मूल्याचे कोष्टक : वर्ष कोणते, गुणक कोणता?

वर्तमान मूल्याच्या कोष्टकात उभ्या बाजूने वर्षे आणि आडव्या ओळीत व्याजदर असतात. दोन्ही जिथे मिळतात तो आकडा म्हणजे त्या वर्षाअखेर मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत. १० टक्क्यांच्या रकान्यात पहिल्या पाच वर्षांचे गुणक ०.९०९, ०.८२६, ०.७५१, ०.६८३ आणि ०.६२१ आहेत. दुसरे कोष्टक अ‍ॅन्युइटीचे असते. त्यात हेच गुणक बेरीज करून दिलेले असतात, म्हणून दर वर्षी सारखीच रक्कम येत असेल तरच ते वापरायचे.

परीक्षेत गडबड होते ती बहुधा सारखी रक्कम मधूनच सुरू होते तेव्हा. समजा, १,००,००० रुपयांचे यंत्र आज घ्यायचे आहे. पहिली दोन वर्षे प्रत्येकी २०,००० आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षी प्रत्येकी ३५,००० रुपये मिळतील. दर १० टक्के. पहिल्या दोन वर्षांचा गुणक १.७३६, म्हणजे ३४,७२० रुपये. पुढची वर्षे तीन आहेत म्हणून अनेक विद्यार्थी तीन वर्षांचा २.४८७ हा गुणक घेतात. पण तो पहिल्या ते तिसऱ्या वर्षाचा आहे. योग्य गुणक पाच वर्षांच्या ३.७९१ मधून दोन वर्षांचा १.७३६ वजा करून मिळतो : २.०५५. त्याने ७१,९२५ रुपये येतात, एकूण १,०६,६४५ आणि निव्वळ वर्तमान मूल्य ६,६४५. चुकीच्या गुणकाने हेच २१,७६५ दिसते. प्रकल्प फायद्याचाच राहतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

'सुरुवातीला' आणि 'अखेरीस' हे शब्द म्हणूनच जपून वाचावेत. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीचा दुरुस्तीखर्च म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेरचा खर्च, त्याला ०.७५१ लागतो, ०.६८३ नव्हे. आजच्या गुंतवणुकीचा गुणक १. पाचव्या वर्षाअखेर येणारी भंगाराची किंमत एकदाच मिळते, म्हणून तिला ०.६२१, तिथे ३.७९१ लावला तर ती सहापट फुगते.

आता दशांशांचा प्रश्न. वरचे पाच गुणक बेरीज केले तर ३.७९० येतात, कोष्टकात मात्र ३.७९१ असते. ही चूक नाही. प्रत्येक गुणक तीन स्थळांपर्यंत आणल्याने हा फरक पडतो. प्रश्नपत्रिकेत जे गुणक दिले असतील तेच जसेच्या तसे घ्यावेत. स्वतःहून ०.६२१ चे ०.६२ करू नये, कारण १० लाखांवर तेवढ्यानेच १,००० रुपयांचा फरक पडतो. पूर्णांकात आणायचे ते फक्त शेवटचे उत्तर.

पडताळणी सोपी आहे. दर शून्यापेक्षा जास्त असेल तर पहिल्या वर्षापासून पुढे एका रकमेचा गुणक १ पेक्षा कमीच असतो आणि अ‍ॅन्युइटीचा गुणक वर्षांच्या संख्येपेक्षा कमी. शंका आली तर १ ला १.१० ने जितकी वर्षे तितक्या वेळा भागावे. पाच वेळा भागल्यावर ०.६२०९ येते आणि कोष्टकातला ०.६२१ बरोबर ठरतो.