फेरीबोटीची वेळ बदलली, तरी पडद्यावर जुनीच का दिसते?

रायबंदर-चोडण फेरीबोटीची माहिती देणारे एखादे संकेतस्थळ आहे, असे समजू. पान उघडताच त्याचा सर्व्हर आपल्या डेटाबेसमधून वेळापत्रक घेतो आणि बाहेरच्या नकाशा सेवेकडून धक्क्यापर्यंतचा मार्ग मागवतो. या कामाला दोन सेकंद लागतात आणि नकाशा सेवा प्रत्येक विचारणेमागे पैसे आकारते. वेळापत्रक मात्र महिन्यातून एखाद्या वेळीच बदलते. त्यामुळे तयार उत्तर रेडिस या स्मृतीत चालणाऱ्या भांडारात ठेवून पुढच्या वाचकांना तेच देणे शहाणपणाचे ठरते.

```
GET ferry:12
SET ferry:12 "<उत्तर>" EX 3600
DEL ferry:12
```

प्रथम `GET`, काही न मिळाल्यास मूळ उत्तर तयार करून `SET`. `EX 3600` म्हणजे एक तासाने नोंद आपोआप नाहीशी होते. व्यवस्थापकाने वेळ बदलली की डेटाबेसमधील बदल पक्का झाल्यानंतरच `DEL` द्यायचे. हा क्रम उलटा केल्यास मधल्या क्षणी आलेला वाचक जुनी माहिती वाचून तीच पुन्हा भांडारात भरतो.

क्रम बरोबर असूनही एक फट उरते. समजा, बरोबर दहा वाजता एका वाचकासाठी जुने वेळापत्रक वाचले गेले आणि सर्व्हर नकाशा सेवेच्या उत्तराची वाट पाहत थांबला. पुढच्याच सेकंदाला व्यवस्थापकाने बदल साठवला व नोंद पुसली. त्यानंतरच्या सेकंदाला नकाशा आला आणि सर्व्हरने जुने वेळापत्रक नव्या तासाभराच्या मुदतीने ठेवून दिले. आता अकरा वाजेपर्यंत प्रवासी चुकीच्या वेळी धक्क्यावर येणार. मुदत नसती, तर ही चूक पुढच्या दुरुस्तीपर्यंत तशीच राहिली असती.

यावर उपाय म्हणजे किल्लीला आवृत्ती जोडणे. `ferry:12:ver` हा आकडा सर्व्हरने डेटाबेस वाचण्यापूर्वी घ्यावा आणि उत्तर `ferry:12:7` अशा किल्लीखाली ठेवावे. बदल पक्का झाल्यावर व्यवस्थापकाच्या बाजूने `INCR ferry:12:ver` दिले की आकडा आठ होतो. उशिरा पोहोचलेले जुने उत्तर सातच्या किल्लीखाली जाते. तिथे कोणी पाहत नाही आणि मुदत संपताच ते नाहीसे होते. आवृत्तीच्या आकड्याला मात्र मुदत लावू नये; तो नाहीसा झाला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

पडद्यावर जुनी वेळ दिसत असेल, तर चालू आवृत्तीच्या किल्लीवर `TTL` ही आज्ञा चालवून पाहावी. धन आकडा म्हणजे उरलेले सेकंद, `-2` म्हणजे नोंदच नाही. `-1` आल्यास ती नोंद मुदतीविना पडून आहे. बहुधा कोठेतरी साधे `SET` वापरलेले असते, कारण ते आधीची मुदतही पुसून टाकते. `-2` येऊनही पान जुनेच असेल, तर रेडिसला दोष न देता ब्राउझरमध्ये साठलेली प्रत तपासावी.