पैसे गेले, ऑर्डर दिसेना: ईमेलमध्ये काय लिहावं?

समजा, डोंबिवलीत घरगुती फराळ विकणाऱ्या एका ताईंची वेबसाइट आहे. ऐन दिवाळीत ग्राहकांचे फोन येऊ लागतात: यूपीआयने पैसे गेले, पण ऑर्डर 'पेंडिंग'च दिसते. वेबसाइट सांभाळणाऱ्याला कारण सापडतं, वेबहुक टाइमआउट. आता ताईंना ईमेल करायचा आहे.

गैरसमज १: आधी कारण सांगावं.
वस्तुस्थिती: 'वेबहुक टाइमआउट' वाचून ताईंना चकल्या किती तळायच्या हे कळत नाही, आणि फोनवरच्या ग्राहकाला काय सांगायचं हेही नाही. म्हणून आधी परिणाम, मग ताईंनी आज काय करायचं ते, आणि कारण शेवटी एका वाक्यात:

> नमस्कार ताई,
> शनिवारी संध्याकाळी ७ ते ८.२० या वेळातल्या १४ ऑर्डरी अडकल्या. त्यांतल्या ११ जणांचे पैसे तुमच्याकडे जमा आहेत. यादी सोबत जोडली आहे, त्यांचा फराळ करायला घ्या. तिघांचे पैसे तुमच्यापर्यंत आलेले नाहीत. त्यांना फराळ हवा असेल, तर नवी ऑर्डर द्यायला सांगा.
> कारण: पैसे जमा झाल्याचा पेमेंट गेटवेचा निरोप वेबसाइटला मिळत नव्हता. आता मिळतो आहे.

गैरसमज २: सोपं लिहायचं म्हणजे तपशील गाळायचा.
वस्तुस्थिती: गाळायची ती यंत्रणेची नावं. 'काही पेमेंट अडकलीत' हे वाक्य सोपं आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. त्या अकरा जणांना पुन्हा पैसे भरायला सांगितलं, तर ते दुप्पट भरतील. उरलेल्या तिघांना मात्र परतावा मिळायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा होऊनही दुकानदाराकडे पोचल्याची नोंद झाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कोण कुठल्या गटात, हे गेटवेच्या जमा यादीवरून ठरतं. ग्राहकाकडचा यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक त्या यादीशी जुळवून पाहायचा.

गैरसमज ३: 'काळजी करू नका, छोटासा प्रॉब्लेम आहे' म्हटलं की धीर येतो.
वस्तुस्थिती: सणाच्या तोंडावर चौदा ऑर्डरी छोट्या की मोठ्या, हे ताई ठरवतील. 'तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो' हेही नको. हिशेब आणि ग्राहक त्या रोज सांभाळतात. ताडून पाहता येईल असं काही लिहिलं की धीर येतो:

> रविवारी सकाळच्या सगळ्या ऑर्डरी जमा पैशांशी जुळवून पाहिल्या, त्या बरोबर आहेत. निरोप का अडला, हे अजून नक्की कळलेलं नाही. गेटवेला विचारलं आहे, उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तुम्हाला कळवतो. तोवर जमा आणि ऑर्डरी मी सकाळ-संध्याकाळ स्वतः जुळवतो आहे.

सहा वाजेपर्यंत गेटवेचं उत्तर आलं नाही, तरी ईमेल जायलाच हवा. ताई ग्राहकांना त्याच वेळेचा शब्द देऊन बसलेल्या असतात.