पाइपातलं लोखंड नेमकं किती?

लोखंडाच्या दुकानात पाइप इंचात मागतात, फुटात मोजतात आणि पैसे किलोवर देतात. ‘दोन इंची, बी क्लास, एक नग’ एवढं म्हटलं की दुकानदार वजन सांगून मोकळा होतो. ते वजन आलं कुठून, असं सहसा कोणी विचारत नाही. खरं तर ते दहावीच्या महत्त्वमापनातल्या पोकळ वृत्तचितीतून येतं. बाहेरच्या त्रिज्येची भरीव कांडी धरायची, तिच्यातून आतल्या पोकळीची कांडी वजा करायची, उरलं ते लोखंड:

घनफळ = π(R² − r²)L

यात R ही बाहेरची त्रिज्या, r आतली आणि L लांबी. सूत्र एवढंच आहे, पण त्याच्याभोवती गैरसमज बरेच आहेत. ते पाहण्यासाठी एकच पाइप हातात धरू: शेडच्या खांबाला लागतो तसा दोन इंची, बी क्लासचा काळा पाइप, लांबी ६ मीटर. बी क्लास म्हणजे मध्यम वजनाचा, त्यावर निळा पट्टा असतो. पिवळा पट्टा हलक्याचा, लाल जडाचा.

गैरसमज: दोन इंची पाइप म्हणजे दोन इंच व्यास

दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी. आता या पाइपाला कॅलिपर लावा. बाहेरून व्यास सुमारे ६०.३ मिमी भरेल. भिंत ३.६ मिमीची, म्हणजे आतला व्यास ५३.१. दोन इंच ना बाहेर सापडले, ना आत! ‘दोन इंची’ हे या पाइपाचं नाव आहे, माप नाही. ए, बी आणि सी या तिन्ही क्लासांत बाहेरचा व्यास जवळजवळ तोच ठेवतात, कारण आटे आणि सॉकेट सगळ्यांना सारखे बसले पाहिजेत. भिंत जाड होते ती आतल्या बाजूला, त्यामुळे क्लासप्रमाणे आतलं भोक लहान होत जातं.

नाव हेच माप धरलं तर काय होतं? बाहेरचा व्यास ५०.८ आणि भिंत ३.६ घेऊन हिशेब केला तर मीटरला ४.१९ किलो येतात. खरं वजन ५.०३ किलो आहे. म्हणजे दर सहा किलोंमागे एक किलो लोखंड कागदावरून गायब.

शेतावरच्या पीव्हीसी पाइपाची तऱ्हा वेगळी. त्यावर ६३ मिमी, ७५ मिमी असं छापलेलं असतं आणि तो आकडा खरोखरच बाहेरचा व्यास असतो. बोलताना मात्र त्यालाही ‘दोन इंची’, ‘अडीच इंची’ म्हणतात. दोन पाइप, बोलण्यातलं नाव एक आणि R निरनिराळा. म्हणून नाव ऐकून सूत्रात आकडा भरू नये.

गैरसमज: आधी त्रिज्यांची वजाबाकी, मग वर्ग

ही चूक उत्तरपत्रिकांमध्ये हमखास दिसते, कारण (R − r)² लिहायला सुटसुटीत आहे. आपल्या पाइपावर ती करून पाहू. R = ३०.१५ मिमी, r = २६.५५ मिमी.

R² − r² = ९०९.०२ − ७०४.९० = २०४.१२
(R − r)² = ३.६ × ३.६ = १२.९६

दोन्हींत जवळजवळ सोळापटींचा फरक आहे. (R − r) म्हणजे नुसती भिंतीची जाडी. तिचा वर्ग करून π ने गुणलं की ३.६ मिमी त्रिज्येच्या, म्हणजे जेमतेम ७ मिमी जाडीच्या भरीव सळईचा छेद मिळतो. पाइपाऐवजी आपण एक बारीक सळई मोजलेली असते.

चूक कळायची कशी? वजन काढून. पोलादाचा एक घन सेंटिमीटर सुमारे ७.८५ ग्रॅम भरतो. चुकीच्या रीतीने मीटरभर पाइप ३२० ग्रॅमचा येतो. खांद्यावर पाइप वाहिलेल्या कुणालाही ते हसू आणेल.

बरोबर हिशेब असा. २०४.१२ ला π ने गुणलं की छेद ६४१.३ चौरस मिमी, म्हणजे ६.४१३ चौरस सेमी. लांबी ६०० सेमी. घनफळ ३,८४८ घन सेमी आणि वजन ३०.२ किलो. याच पाइपात पाणी भरलं तर १३.३ लिटर मावेल. तो πr²L चा हिशेब, पोकळीचा. ‘पाइपाचं घनफळ काढा’ असा मोघम प्रश्न आला की काही जण हेच उत्तर देतात. लोखंड मात्र चार लिटरांच्याही आत आहे.

गैरसमज: घेर गुणिले जाडी हा नुसता अंदाज

फॅब्रिकेशनवाले वर्ग करत बसत नाहीत. ते पाइप मनातल्या मनात उभा चिरतात, पत्र्यासारखा उलगडतात आणि घेर × जाडी × लांबी करतात. शिकलेली माणसं याला ‘जुगाड’ म्हणतात. पण R² − r² चे अवयव पाडून पाहा: (R + r)(R − r). (R − r) ही जाडी, आणि (R + r) ही मधल्या त्रिज्येची दुप्पट. तेव्हा π(R² − r²) म्हणजेच मधला घेर × जाडी. यात अंदाज काहीच नाही, उत्तर तंतोतंत तेच येतं. आपल्या पाइपाचा मधला व्यास ६०.३ − ३.६ = ५६.७. त्याला ३.६ ने आणि π ने गुणा, पुन्हा ६४१.३.

अट एकच: घेर मधला हवा, आणि नेमकं इथेच बिनसतं. टेप बाहेरून गुंडाळली जाते, म्हणून लोक बाहेरचाच घेर घेतात. या पाइपात त्याने सहा टक्क्यांच्या आसपास जास्त उत्तर येतं. भिंत जाड असली की चूक वाढते. ओढ्यावरच्या मोरीत घालतात तो सिमेंटचा ह्यूम पाइप घ्या: आतला व्यास ९०० मिमी, भिंत १०० मिमी, लांबी अडीच मीटर. मधला व्यास बरोबर १ मीटर. काँक्रीट ३.१४ × ०.१ × २.५ = ०.७८५ घनमीटर. बाहेरचा घेर धरला तर दहा टक्के जास्त, आतला धरला तर दहा टक्के कमी. काँक्रीटचा घनमीटर सुमारे २.४ टनांचा धरला, तर एका नळात जवळजवळ दोनशे किलोंची गफलत.

जाता जाता, या पाइपात ‘ह्यूम’ आलं ते वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाच्या आडनावावरून. त्याने १९१० मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीटचे नळ घडवायची रीत काढली. तिच्यात साचा असतो तो फक्त बाहेरचा. आतली त्रिज्या कुठल्या साच्याने ठरत नाही, आत किती काँक्रीट टाकलं त्यावरून ठरते. आपलंच सूत्र तिथे उलटं वापरायचं: R आणि L पक्के, घनफळ आपण घालू तेवढं, आणि r आपोआप.

गैरसमज: अचूकता π वर अवलंबून असते

२२/७ घ्यायचं की ३.१४, यावरून शिकवणीच्या वर्गात वाद होतात. दोन्हींत फरक हजारात एक भाग, म्हणजे आपल्या पाइपात तीस ग्रॅम इकडे किंवा तिकडे. खरा घोटाळा दुसरीकडे आहे. सूत्रात दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे आणि हाती उरतो तो लहानसा फरक. अशा वेळी वजाबाकीआधी आकडे गोळाबेरीज केले की घात होतो. ३०.१५ ला ३० केलं, २६.५५ ला २७ केलं. प्रत्येकात दोन टक्क्यांहून कमी फरक, कुणालाही चालेलसा वाटणारा. आता वर्ग करा: ९०० − ७२९ = १७१. हवे होते २०४. सरळ सोळा टक्के लोखंड कमी!

कारण उघड आहे. त्या गोळाबेरजेत भिंत ३.६ ची ३ मिमी झाली. घनफळाचं सगळं गणित त्या पातळ भिंतीवर उभं असतं. म्हणून बाहेरचा आणि आतला व्यास पट्टीने मोजून त्यांतून जाडी काढू नये. जाडी थेट कॅलिपरने, मिमीच्या दशांशापर्यंत मोजावी. बाहेरच्या व्यासात अर्धा मिमी चुकला तर एक टक्काही फरक पडत नाही. जाडीत तेवढाच चुकला तर तेरा-चौदा टक्के.

गैरसमज: भोक मध्यभागी नसेल तर सूत्र चालत नाही

कापलेल्या टोकाकडे पाहिलं की कधी कधी भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. सूत्राला त्याने फरक पडत नाही. भरीव वर्तुळातून लहान वर्तुळ काढून टाकलं, ते मध्ये होतं की कडेला सरकलेलं, उरलेलं क्षेत्रफळ तेवढंच. पाइप मात्र बारीक बाजूने लवकर गंजून भोक पडेल, तो प्रश्न ताकदीचा, घनफळाचा नाही.

चुकते ती मोजणी. एकाच जागी कॅलिपर लावला आणि ती जाड बाजू निघाली तर लोखंड जास्त वाटतं. समोरासमोरच्या जागा धरून चार ठिकाणी मोजून सरासरी घेतली की सरकलेल्या भोकाचा परिणाम जवळपास पुसला जातो. शिवाय करवतीने कापलेल्या टोकाला आत-बाहेर कोर निघते, ती घासून काढल्याशिवाय मोजू नये, नाहीतर भिंत उगाच जाड भरते.

तरीही टोक ते टोकच. मधल्या सहा मीटरांत काय आहे ते कॅलिपरला दिसत नाही, काट्याला दिसतं. तुमचा दोन इंची ‘बी क्लास’ काळा पाइप काट्यावर ३०.२ ऐवजी २७ किलो भरला असं समजा. २७,००० ग्रॅमना ७.८५ ने भागा: ३,४३९ घन सेमी. ६०० सेमी लांबीने भागा: छेद ५.७३ चौरस सेमी, म्हणजे ५७३ चौरस मिमी. π ने भागून १८२.४ येतात, ते ९०९.० मधून वजा केले की r² = ७२६.६ आणि r = २६.९५. भिंत ३०.१५ − २६.९५ = ३.२ मिमी. एकेका नळीच्या वजनात कारखान्याला काही टक्क्यांची सूट असते, पण दहा-बारा नगांची सरासरीही ३.२ वरच राहिली तर निळ्या पट्ट्यावर जाऊ नका. पाइप नगावर न घेता काट्यावरच्या वजनाने घ्या.