रेघेला दिशा आहे का?

वेन झॅकरी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७० ते १९७२ या काळात तिथल्या एका विद्यापीठातला कराटे क्लब जवळून पाहिला. शिकवणीच्या फीवरून प्रशिक्षक आणि क्लबचा अध्यक्ष यांच्यात वाजलं आणि अखेर क्लब फुटला. वर्गाबाहेर कोणाची कोणाशी ऊठबस होती, याची नोंद झॅकरीने आधीच करून ठेवली होती. सभासद ३४ आणि मैत्रीच्या जोड्या ७८. त्याने १९७७ साली प्रसिद्ध केलेली ही माहिती जाळ्यांचा अभ्यास करणारा प्रत्येक जण कधी ना कधी हाताळतो. माणूस म्हणजे ठिपका, मैत्री म्हणजे रेघ. प्रशिक्षकाचा क्रमांक १, अध्यक्षाचा ३४.

हे ३४ ठिपके कागदावर ठेवायचे कुठे? नकाशातल्या गावाला स्वतःची जागा असते, तशी मैत्रीला नसते. ती आपल्यालाच ठरवावी लागते. त्यासाठी दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात आणि दोन्ही एकाच माहितीतून अगदी वेगळी गोष्ट सांगतात.

पहिली फोर्स-डायरेक्टेड, म्हणजे ओढाताणीची मांडणी. पीटर ईड्स याने १९८४ मध्ये तिची कल्पना अशी मांडली: प्रत्येक ठिपका म्हणजे पोलादी कडी आणि प्रत्येक रेघ म्हणजे दोन कड्यांना जोडणारी स्प्रिंग. कड्या कशाही टाकायच्या आणि सोडून द्यायच्या. स्प्रिंगा ओढतील, जोड नसलेल्या कड्या एकमेकींना लांब ढकलतील आणि थोड्या वेळाने सगळं स्थिरावेल. संगणकात हे फेऱ्याफेऱ्यांनी चालतं. दर फेरीत प्रत्येक ठिपक्यावरच्या ओढीची आणि ढकलण्याची बेरीज करून तो जरासा सरकवायचा. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी १९९१ मध्ये यात ‘तापमान’ आणलं. सुरुवातीला ठिपक्यांना लांब उडी घेता येते, मग मुभा कमी करत न्यायची, म्हणजे चित्र थरथरत न राहता निवतं.

कराटे क्लब असा काढला की १ भोवती एक घोळका जमतो आणि ३४ भोवती दुसरा. कोण कोणत्या गटात गेलं हे आपण संगणकाला सांगितलेलंच नसतं. १२ क्रमांकाच्या सभासदाची एकच मैत्री, तीही प्रशिक्षकाशी, म्हणून तो त्या बाजूच्या कडेला लोंबतो. सर्वांत बोलका आहे ९ क्रमांक. त्याच्या पाच रेघांपैकी एक १ कडे जाते, एक ३४ कडे, त्यामुळे तो दोन घोळक्यांच्या मधोमध येतो. झॅकरीने मैत्रीच्या नोंदींवरून फुटीचं गणित मांडलं तेव्हा अंदाज चुकला तो याच एका माणसाबाबत. गणिताने त्याला अध्यक्षाकडे टाकलं होतं, तो गेला प्रशिक्षकाकडे. त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि दुसऱ्या गटात गेल्यास कमावलेली पातळी सोडावी लागली असती. परीक्षेची गोष्ट चित्रात नाही, पण हा माणूस दोन्हीकडे बांधलेला आहे हे मात्र दिसतं.

आता तीच फाइल दुसऱ्या मांडणीत घालू. ग्राफव्हिझ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सोयी आहेत:

```
fdp -Tsvg karate.gv -o odhatan.svg
dot -Tsvg karate.gv -o thar.svg
```

`dot` थरांची मांडणी करतं. तिचा पाया सुगियामा आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये घातला. हिला प्रत्येक रेघ वरून खाली जाणारी हवी असते. मैत्रीला वर-खाली काही नसतं, तेव्हा `dot` फाइलमध्ये जे नाव आधी लिहिलंय ते वर घेतं. या फाइलमध्ये सहसा लहान क्रमांक आधी लिहिलेला असतो, `1 -- 2` असा. परिणाम असा की प्रशिक्षक सर्वांत वर आणि अध्यक्ष सर्वांत खाली. क्लबमधला सर्वाधिक मित्रांचा माणूस चित्रात तळाचा चाकर दिसतो, केवळ त्याला ३४ क्रमांक दिला म्हणून. क्रमांक उलटे लावा, चित्र उलटं होईल. चित्र दिसतं अतिशय नीटनेटकं आणि म्हणूनच ते जास्त फसवतं.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न जाळं किती मोठं आहे हा नसतोच. रेघेला दिशा आहे का आणि त्या दिशेने चालत राहिलं तर आपण पुन्हा निघाल्या जागी येतो का, हा असतो. मैत्री, सहलेखन, एकत्र येणारे शब्द यांना दिशा नसते, तिथे ओढाताण वापरावी. कोण कोणावर अवलंबून, कोणता न्यायनिवाडा कोणत्या जुन्या निवाड्याचा आधार घेतो, तिथे दिशा पक्की असते आणि थर खरे असतात.

२०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या npm भांडारातून `left-pad` नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर अनेकांची कामं अडली. बेबेलसारखं मोठं साधनही अडकलं, तेही ते `left-pad` थेट वापरत नसताना, मधल्या पॅकेजांमार्फत. असं जाळं ओढाताणीने काढलं तर लोकप्रिय पॅकेजं मध्यभागी येतात, पण कोण कोणाच्या खांद्यावर उभं आहे ते हरवतं. थरांत काढलं तर बोट ठेवून वरून खाली साखळी वाचता येते. लांब रेघ मधले थर ओलांडून जाते तेव्हा प्रत्येक थरात तिच्यासाठी एक अदृश्य ठिपका घालतात, म्हणजे ती चौकटींवरून न जाता त्यांच्यामधून वाट काढते. रेघा एकमेकींना कमीत कमी छेदाव्यात म्हणून दर थरातला ठिपका वरच्या थरातल्या आपल्या शेजाऱ्यांच्या सरासरी जागी सरकवतात, मग खालून वर तेच, असं पुन्हा पुन्हा. सर्वोत्तम क्रम शोधणं दोनच थरांतसुद्धा फार अवघड गणित आहे, त्यामुळे ‘बऱ्यापैकी’वर थांबावं लागतं.

जाळं खरंच मोठं झालं की दोन्ही मांडण्या निरनिराळ्या ठिकाणी कोलमडतात. थरांची रुंदी आवरत नाही. एका थरात पाच हजार चौकटी आल्या आणि प्रत्येकीला दोन सेंटिमीटर दिले तरी शंभर मीटर कागद लागतो. अशा वेळी सगळं चित्र काढण्याचा हट्ट सोडून एकाच पॅकेजच्या वरच्या-खालच्या साखळ्या काढाव्यात.

ओढाताणीत आधी वेग आडवा येतो. ३४ ठिपक्यांच्या ५६१ जोड्या होतात, दहा हजारांच्या जवळपास पाच कोटी, त्याही दर फेरीला. बार्न्स आणि हट या खगोलशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ताऱ्यांसाठी काढलेली युक्ती इथे उपयोगी पडते: लांबच्या घोळक्याला एकच मोठा ठिपका मानायचं. वेगाचा प्रश्न सुटतो, पण नजरेचा सुटत नाही. रेघा फार दाट असल्या की पडद्यावर नुसतं गुंतवळ उरतं. मग कमजोर रेघा काढून टाकून पुन्हा मांडावं लागतं.

गुंतवळ नसलं तरी ओढाताणीच्या चित्रावर लगेच विसंबू नये. सुरुवातीच्या जागा बदलून तेच चार-पाचदा काढावं. डावं-उजवं दर वेळी बदलेल, त्याला काही अर्थ नाही. जे घोळके दर वेळी एकत्र राहतात तेवढेच माहितीतले. एकदाच दिसलेला घोळका त्या फेऱ्यांचा खेळ असतो.

थरांच्या मांडणीची तपासणी वेगळी. माहितीत फेरे असतील, क ला ख लागतो, ख ला ग आणि ग ला पुन्हा क, तर सॉफ्टवेअर न विचारता एखादी रेघ उलटी धरून थर लावतं. बाण मात्र मूळ दिशेनेच काढतं, त्यामुळे खालून वर जाणारे बाण शोधावेत. शेकड्यात एखादाच असेल तर तो फेरा बहुधा पाहण्याजोगी अडचण असते, आणि सॉफ्टवेअर बांधणाऱ्याला तीच हवी असते. बाण सगळीकडूनच वर जात असतील तर त्या माहितीत थर नव्हतेच. अशा वेळी फेऱ्यात अडकलेले ठिपके मिळून एक मोठी चौकट करावी, बाहेर थर लावावेत आणि चौकटीच्या आत ओढाताण चालू द्यावी.