चारचौघांत रमणाऱ्यांनी स्वतःविषयी काय लिहावं?

लग्न जुळवणाऱ्या साइटवर ‘माझ्याविषयी’ नावाचा एक रकाना असतो. डेटिंग ॲपवर त्यालाच बायो म्हणतात. माणसांत रमणारी, प्रत्येक कार्यक्रमाला पुढे असणारी मुलगी किंवा मुलगा हा रकाना भरायला बसला, की बहुतेक वेळा मजकूर असा होतो : ‘मी खूप बोलकी आणि फन-लव्हिंग आहे. फिरायला, पार्टीला जायला, नवीन लोकांना भेटायला आवडतं. पण मनातून होमली आहे. सिरियस रिलेशनशिप हवी. टाइमपास करणाऱ्यांनी लांब राहावं.’

यात खोटं काही नाही, तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘पार्टी’ म्हणजे मित्राच्या घरी वाढदिवस की दर शनिवारी पहाटेपर्यंत बाहेर, हे कळत नाही. ‘होमली’ म्हणजे काय, तेही कळत नाही. शेवटच्या वाक्यात मागचे वाईट अनुभव तेवढे दिसतात, आणि चांगला माणूसही ते वाचून बिचकतो.

अशा माणसाचा बायो वाचताना समोरच्याच्या मनात दोन शंका असतात. हिला माझ्यासाठी वेळ असेल का? आणि मलाही हिच्यासोबत सगळीकडे जावं लागेल का? त्यांची उत्तरं मिळाली नाहीत, तर शांत स्वभावाची, संसाराचा विचार करणारी माणसं पुढे सरकतात आणि पार्टीसाठी सोबत शोधणारे तेवढे मेसेज करतात. मग लिहिणाऱ्याला वाटतं, ॲपवर सगळे टाइमपासच आहेत.

याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. बोलका माणूस म्हणजे चंचल, आणि घरात बसणारा म्हणजे स्थिर, असं आपण सहज धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९४७ साली स्वभावाची मांडणी केली, तेव्हा बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता ही दोन वेगळी परिमाणं मानली. माणूस किती लोकांत मिसळतो यावरून तो मनानं किती स्थिर आहे, हे ठरत नाही. नातं शांत असतं ते रोजच्या वागण्यानं. उशीर होणार असेल तर कळवणं, ठरवलेलं पाळणं, भांडण झालं तर अबोला न धरता बोलणं, हे ज्याला जमतं त्याच्यासोबत आयुष्य शांत जातं, मग तो वर्षातून दहा लग्नांत नाचो. म्हणून बायोमध्ये ‘मी शांत आहे’ असं पटवत बसण्याची गरज नाही. आपण जवळच्या माणसाशी कसं वागतो, ते लिहावं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली तिशीतली मुलगी, नोकरी करणारी, ढोल-ताशा पथकात वाजवणारी. गणेशोत्सवाच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी सराव असतो, त्या दिवसांत ती घरी उशिरा येते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव चुकवत नाही. मैत्रिणीचं लग्न असलं की आदल्या दिवसापासून कामाला. या यादीवरून ती सतत बाहेर असते असं वाटेल. तिनं मागचे तीन महिने कॅलेंडरवर पाहिले आणि कोणत्या संध्याकाळी आपण खरोखर बाहेर होतो ते मोजलं, तर सरावाचा हंगाम सोडून आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी ती घरीच निघते. हे मोजणं मी बायो लिहिण्याच्या आधी करायला सांगेन. कारण उत्तर उलट आलं, म्हणजे आठवड्यातल्या पाच संध्याकाळी बाहेरच गेल्या असल्या, तर घरातल्या निवांतपणाविषयी लिहिलेलं पहिल्या महिन्यातच उघडं पडेल. तेव्हा जसं आहे तसंच लिहावं आणि तितकंच फिरणारा जोडीदार शोधावा.

हिचं उत्तर ‘घरी’ असं आलं. मग मजकूर असा होऊ शकतो :

‘गणपतीआधीचे दोन महिने पथकाच्या सरावात, डिसेंबरात सवाईच्या मांडवात, आणि मैत्रिणीचं लग्न असलं की आदल्या दिवसापासून हजर. एरवी ऑफिस सुटलं की घर. पोळ्या मी करते, भाजी ज्याला जमेल त्यानं, आणि जेवणानंतर फोन आत ठेवून गच्चीत गप्पा. वर्ष-दोन वर्षांत लग्न करायचं आहे. भांडण झालं तर त्याच दिवशी बोलणारा माणूस हवा. माझ्यासोबत प्रत्येक कार्यक्रमाला यायलाच हवं असं नाही.’

इथे बाहेरच्या आवडीला हंगाम मिळाला, म्हणजे मर्यादा आपोआप कळली. घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. लग्नाचा विचार कधीचा आहे, ते स्पष्ट झालं. शेवटच्या वाक्यानं दुसऱ्या शंकेचं थेट उत्तर दिलं, आणि अबोल माणसाला मेसेज करायची हिंमत येते ती याच वाक्यानं. हा मजकूर आई-वडीलही वाचणार असतील, तर आणखी एक फायदा आहे. नुसतं ‘पार्टी’ वाचून त्यांच्या मनात भलतंच येतं, पथक आणि सवाई वाचून येत नाही. मात्र पथकाचं नाव, सरावाची जागा आणि वेळ लिहू नये. अनोळखी माणूस तिथे येऊन उभा राहू शकतो.

ॲपवर जागा कमी असते. हिंज या ॲपवर तीन छोट्या प्रश्नांना प्रत्येकी १५० अक्षरांत उत्तर द्यायचं असतं. तिथे एक उत्तर बाहेरच्या आवडीला, एक घरातल्या संध्याकाळीला आणि एक लग्नाच्या विचाराला द्यावं. तिन्ही उत्तरं गमतीत घालवली, तर हेतू कळत नाही.

मजकूर कितीही नीट लिहिला, तरी नजर आधी फोटोंवर जाते. सहापैकी पाच फोटो गर्दीतले, गॉगल लावलेले, रात्रीच्या दिव्यांतले असतील, तर गच्चीतल्या गप्पांवर कोण विश्वास ठेवेल? पहिला फोटो एकटीचा, दिवसाच्या उजेडातला आणि चेहरा स्पष्ट दिसणारा हवा. पथकातला एक, मित्रमैत्रिणींसोबतचा एक, एवढे पुरेत. उरलेले घरचे, साध्या कपड्यांतले असावेत. निकोल एलिसन आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्यांशी बोलून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले लोक समोरच्याच्या प्रोफाइलमधल्या शुद्धलेखनासारख्या बारीक गोष्टींवरूनही अंदाज बांधत होते, आणि स्वतःचे गुण नुसते सांगण्यापेक्षा फोटोतून, मजकुरातून दाखवायचा प्रयत्न करत होते.

बायो जमला की नाही, हे किती मेसेज आले यापेक्षा काय आले त्यावरून ओळखावं. ‘या वीकेंडला कुठे जायचं?’ असेच येत असतील, तर फोटो मजकुरावर भारी पडताहेत, म्हणून आधी फोटो बदलावेत. ‘मला गर्दी आवडत नाही, चालेल का?’ असं कुणी विचारलं, तर त्याला तुम्ही आवडला आहात, पण शेवटचं वाक्य पुरेसं स्पष्ट झालेलं नाही. सवाईत यंदा कुणाचं गाणं ऐकलं किंवा गच्चीतून काय दिसतं, असं विचारणारा माणूस मजकूर पूर्ण वाचून आलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोनेक आठवडे थांबावं, नाहीतर फरक कशानं पडला ते समजत नाही.

पुढचं काम बायोचं नाही. पहिल्या फोनवर त्यालाही विचारावं की गेल्या महिन्यातल्या रविवारी तो कुठे होता, आणि घरी कुणाशी भांडण झालं तर किती दिवस बोलत नाही.