एकाच फोनवर दोन कॉल : होल्ड, स्वॅप आणि मर्ज कसं वापरायचं, आणि मर्ज कधी करायचं नाही

मालाचा सौदा असो की सोयरीक, एका माणसाशी बोलताना दुसऱ्याला विचारावं लागतंच. अशा वेळी बरेच जण पहिला फोन कट करतात, दुसऱ्याला लावतात, मग परत पहिल्याला लावतात. तोवर त्याचा फोन बिझी लागतो. काही जण फोनवर हात ठेवून घरातल्यांशी बोलतात, आणि पलीकडच्याला सगळं ऐकू जातं. खरं तर कट न करता दुसरा कॉल लावायची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. कॉल चालू असताना स्क्रीनवर दिसणारी तीन-चार बटणं ओळखली की झालं.

आधी होल्ड आणि म्यूटमधला फरक

Mute दाबलं की आपला आवाज पलीकडे जात नाही, पण त्याचा आवाज आपल्याला येत राहतो. Hold दाबलं की दोन्ही बाजूंचा आवाज थांबतो, कॉल मात्र कट होत नाही. परत Hold दाबलं की बोलणं सुरू. घरात भावाबद्दल चर्चा करायची असेल तर फोनवर हात ठेवण्यापेक्षा Hold दाबलेलं बरं. मात्र होल्डवरचा कॉलही चालूच धरला जातो. अनलिमिटेड पॅक नसेल तर ज्याने फोन लावलाय त्याचे पैसे तेवढा वेळ कापले जातात.

ही बटणं वेगवेगळ्या कंपनीच्या फोनमध्ये थोडी इकडेतिकडे असतात. दिसत नसतील तर कॉल स्क्रीनवर More किंवा तीन टिंबं दाबून पाहा. फोनची भाषा मराठी असेल तर नावं मराठीत दिसतील, चित्रं मात्र तीच.

एक सौदा धरून पाहू

समजा, एका शेतकऱ्याकडे १५ क्विंटल कांदा आहे. गावातला व्यापारी शिवारात येऊन १४०० रुपये क्विंटलने उचलायला तयार आहे. बाहेरचा व्यापारी फोनवर १५०० म्हणतो, पण माल त्याच्या गोदामावर पोचवायचा. पिकअपचं भाडं १८०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे १२० रुपये. भाडं शेतकऱ्यावर पडलं तर हातात १३८० च राहतात, म्हणजे शिवारातल्या भावापेक्षाही २० रुपये कमी. भाडं व्यापाऱ्याने दिलं तर क्विंटलमागे सरळ १०० रुपये जास्त. सगळं अडलंय ते भाडं कोण देणार यावर.

बाहेरचा व्यापारी लाइनवर आहे. शेतकऱ्याने त्याला सांगायचं, "शेठ, एक मिनिट होल्डवर ठेवतो," आणि Add call दाबायचं. नंबरांची यादी उघडते. त्यातून थोरल्या भावाला फोन लावायचा. दुसरा कॉल लागला की व्यापाऱ्याचा कॉल आपोआप होल्डवर जातो. आता भावाशी मोकळं बोलता येतं, व्यापाऱ्याला काही ऐकू जात नाही.

भावाचं म्हणणं कळलं की Swap दाबायचं. भाऊ होल्डवर जातो आणि व्यापारी लाइनवर येतो. परत Swap दाबलं की उलट. स्क्रीनवर ज्याचा नंबर मोठा दिसतो आणि ज्याच्यापुढे On hold लिहिलेलं नसतं, तोच आपलं ऐकतोय. बोलायच्या आधी हे एकदा पाहायचंच. नाहीतर भावाला सांगायचा शेवटचा आकडा व्यापाऱ्यालाच कळायचा.

बोलणं झालं की भावाला लाइनवर घेऊन लाल बटण दाबायचं. फक्त त्याचा कॉल कट होतो. काही फोनमध्ये व्यापारी आपोआप लाइनवर येतो, काहींत Hold दाबून त्याला परत आणावं लागतं.

समजा व्यापारी अर्धं भाडं द्यायला तयार झाला. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला क्विंटलमागे ६० रुपये, हातात १४४०. आता पिकअपवाल्यालाही हे तोंडावर सांगितलेलं बरं. परत Add call दाबून त्याला लावायचं आणि आधी सांगायचं, "शेठला लाइनवर घेतोय." मग Merge. आता तिघंही एकमेकांचं ऐकतात. ९०० कोण देणार, पैसे गाडी खाली झाल्यावर की आधी, हमाली कोणाची, हे तिथेच ठरतं. उद्या कोणी "मला असं सांगितलंच नव्हतं" म्हणू शकत नाही.

कॉन्फरन्समधून एखाद्याला काढायचं असेल तर Manage दाबून त्याच्या नावापुढचं लाल चिन्ह दाबायचं. पण ज्याने सगळ्यांना जोडलंय त्यानेच लाल बटण दाबलं तर बहुतेक वेळा सगळ्यांचाच कॉल कट होतो.

जमत नसेल तर

बोलत असताना दुसऱ्याचा फोन आलेला कळतच नसेल, तर Call waiting बंद असेल. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा, किंवा हा कोड डायल करा:

```
*43#
```

Merge बटण येतच नसेल तर तीन गोष्टी पाहा. पहिलं, दुसऱ्या माणसाने फोन उचललाय का. रिंग वाजत असताना मर्ज होत नाही. दुसरं, दोन्ही कॉल एकाच सिमवरचे आहेत का. बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं सिम लागतच नाही. तिसरं, व्हॉट्सअॅप कॉल आणि साधा कॉल एकमेकांना जोडता येत नाहीत.

साध्या बटणांच्या फोनवर दुसरा कॉल लागल्यावर Options मध्ये Swap आणि Conference शोधा.

दुसऱ्याने सांगितलं म्हणून मर्ज करू नका

याच बटणाचा वापर करून लोकांना लुबाडलं जातंय. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये याबद्दल सावध केलं होतं.

प्रकार असा. अनोळखी माणूस फोन करतो. "तुमचा नंबर तुमच्या मित्राने दिला. तो दुसऱ्या नंबरवरून तुम्हाला लावतोय, कॉल मर्ज करा." तेवढ्यात खरंच दुसरा फोन येतो. पण तो मित्राचा नसतो. भामट्याने आपल्या खात्यावर व्यवहार सुरू करून ओटीपी फोनवरून मागवलेला असतो, आणि तो बँकेचा यंत्राचा कॉल असतो. मर्ज केलं की यंत्र आकडे बोलतं आणि भामटा ते ऐकतो. आपण तोंडाने ओटीपी सांगितलेला नसतो, तरी खातं रिकामं होतं.

म्हणून मर्ज दाबायच्या आधी दुसऱ्या कॉलवरच्या माणसाचा आवाज ओळखीचा आहे का ते ऐकायचं. Swap त्यासाठीच आहे. यंत्राचा आवाज आला तर दोन्ही कॉल कट करायचे आणि मित्राच्या आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा.

मर्ज होऊन गेलं असेल आणि पैसे कापल्याचा मेसेज आला, तर लगेच बँकेला कळवून व्यवहार बंद करायला सांगा आणि १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.