दुचाकी घरच्या घरी : ११ – पाना कुणीकडे, गाडी कुणीकडे

या आठवड्यात चेनचा सैलपणा मोजायचा असं ठरलं होतं. पट्टी आणि खडू काढूनही ठेवले होते. पण मधेच साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि पट्टी परत ड्रॉवरमध्ये गेली.

ते लिहितात, "तुमचे लेख वाचून चेन ओढायला घेतली. गाडी डबल स्टँडवर लावली. अ‍ॅक्सलचा नट काही हलेना. पाना लावून जोरात ओढला, तर नट जागच्या जागी आणि गाडी स्टँडवरून पुढे! हेडलाइट तुळशी वृंदावनावर आपटून फुटला. फरशी सपाट होती, मग चुकलं कुठे?"

मी फोन करून एकच विचारलं. पाना लावला तेव्हा त्याची दांडी कुणीकडे होती? ते म्हणाले, "खाली. वर सायलेन्सर आडवा येत होता." झालं, उत्तर तिथेच मिळालं.

त्यांच्या १५० सीसी गाडीचा नट उजव्या बाजूला आहे. त्या बाजूने बघितलं तर गाडीचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं. नट सोडवायचा म्हणजे उलटा, डावीकडे फिरवायचा. दांडी खाली लोंबत असेल तर ती डावीकडे फिरताना तिचं टोक गाडीच्या तोंडाकडे जातं. म्हणजे ते नट सोडवत होते आणि त्याच ओढीने गाडीलाही पुढे ढकलत होते. या वर्गातल्या गाड्यांचा मागचा नट साधारण ५० ते ९० न्यूटन-मीटरला कसलेला असतो. फूटभर लांब पान्यावर ९०चा हिशेब केला, तर टोकाशी ३० किलोच्या आसपास जोर लागतो. पावसाळा काढलेला, गंजलेला नट त्याहून जास्त मागतो. एवढ्या जोराने कुणीही डबल स्टँडवरची गाडी पुढे ढकलली, तर ती उतरणारच. आपण रोज सकाळी तशीच तर उतरवतो.

डबल स्टँड गाडीला धरून ठेवत नाही, गाडी त्यावर बसते. स्टँड पूर्ण उघडला की त्याचे पाय त्याच्या खिळीच्या जरासे पुढे जाऊन अडतात. गाडी पुढे यायची तर खिळीला त्या पायांवरून किंचित वर चढून पलीकडे जावं लागतं. हा चढ अगदी थोडा असतो, आणि गाडी जागेवर राहते ती त्याच्याच जिवावर. फरशी पुढे उतरती असेल तर तो आणखी कमी होतो. म्हणून गाडीचं तोंड नेहमी चढाकडे ठेवावं. अडकणीचा भाग किंवा स्टँडचे पाय झिजले की मागचं चाक जमिनीला टेकायला लागतं. पूर्वी चाकाखाली दोन बोटं सहज जायची आणि आता जात नसतील, तर आधी स्टँड बघा, चेन नंतर.

"गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, तरी गेली," असंही त्यांनी लिहिलं आहे. गिअर अडवतो ते मागचं चाक, आणि ते हवेत आहे. जमिनीवर फक्त पुढचं चाक आहे, म्हणून अडवायचं तेच. माझ्याकडे सायकलच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी आहे. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर आणि मूठ यांच्याभोवती ती आवळून गुंडाळतो. ब्रेक ड्रमचा असो की डिस्कचा, काम होतं. चाकच काढायचं असेल तर शिवाय स्टँडच्या आडव्या दांडीपासून पुढच्या चाकाच्या रिमपर्यंत एक पट्टा ताणून बांधतो. मग स्टँडला मागे मिटायला वाव राहत नाही.

पण खरा इलाज त्याच्याही आधीचा आहे. घट्ट नट गाडी उचलण्याआधीच सैल करायचा. गाडी साइड स्टँडवर, दोन्ही चाकं जमिनीवर, घरातलं कुणीतरी हँडल धरून उभं. नटाला स्प्लिट पिन असेल तर ती आधी काढा, आणि पलीकडून अ‍ॅक्सलचं डोकं दुसऱ्या पान्याने धरा. उजव्या बाजूच्या नटावर पाना असा बसवा की दांडी मागे, जवळपास आडवी राहील, आणि मग ती खाली दाबा. ओढायचं नाही, दाबायचं. जोर जमिनीत जातो, गाडी हलत नाही. सायलेन्सर आडवा आला तर रिंग पान्याऐवजी सॉकेट आणि छोटं एक्स्टेन्शन घ्या. वर्षानुवर्षे चुकीच्या बाजूने ओढत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नट एक फेरा सुटला की गाडी वर घ्या, बाकीचं काम हाताच्या जोरावर होतं. काम संपल्यावरही वर असताना नट नुसता बसवा आणि शेवटचा पीळ चाक जमिनीवर आल्यावर द्या.

गाडी वर घेताना कंबर धरते, अशी तक्रार बरेच जण करतात. मागच्या चाकाखाली पाऊण इंच जाडीचा प्लायचा तुकडा ठेवा, स्टँडचे पाय मात्र फरशीवरच असू द्या. स्टँडवर पाय देऊन दोन्ही पाय टेकल्याचा आवाज येईपर्यंत गाडी जराशी डोलवा आणि मग अंगाचं वजन पायावर टाका. हात नुसते दिशा दाखवायला.

डबल स्टँड नसलेल्या गाड्यांना पॅडॉक स्टँड लागतो. त्याची खोड वेगळी आहे. तो गाडीला फ्रेमला नाही, तर मागच्या स्विंगआर्मला धरून उचलतो, मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्याला. माझा पहिला अनुभव लाजिरवाणा आहे. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली होती. मी मागून घाईने दांडा दाबला. उजवा बॉबिन खाचेत बसला, डावा सुटला, आणि गाडी हळूच माझ्या मांडीवर आली. तेव्हापासून आधी एका हाताने मागचा ग्रॅबरेल धरून गाडी सरळ करतो, दोन्ही बॉबिन खाचांत बसलेले डोळ्यांनी बघतो, मगच दांडा. उतरवताना साइड स्टँड आधी उघडा हवा, कारण दांडा धरलेल्या माणसाला गाडी सावरायला हात उरत नाही. पुढचाही पॅडॉक लावायचा असेल तर मागचा आधी. बॉबिनची सोय नसलेल्या गाडीला खालून टेकणारे पंजे लावतात. ते चेन-अ‍ॅडजस्टरवर नको, चिमट्याच्या सपाट भागावर टेकवा.

गाडी वर गेली की चेन पुसताना इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल. चाक हाताने उलटं फिरवा आणि फडकं खालच्या चेनला, मागच्या चक्राजवळ धरा. उलट्या फेऱ्यात चेन तिथे चक्रातून बाहेर पडत असते, त्यामुळे फडकं बोटांसकट आत ओढलं जात नाही. सरळ फिरवलंत तर नेमकं उलटं होतं.

चेनचा सैलपणा पुढच्या शनिवारी, नक्की. तोवर एक काम करा. आपली गाडी डबल स्टँडवर असताना चेन किती वर-खाली होते ते मोजा, मग साइड स्टँडवर लावून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. डबल स्टँडवर चिमटा खाली लोंबतो, जमिनीवर आणि पॅडॉकवर तो गाडीचं वजन पेलत असतो. पुढच्या वेळी हे आकडे लागणार आहेत.